डिप्लोमावाल्यांचं 'कच्चं गणित' : दोष डोक्याचा नाही, गाळलेल्या वर्षाचा

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंगला आलेल्या पोरापोरींबद्दल कॉलेजांत एक वाक्य सर्रास फेकलं जातं. "डिप्लोमावाले प्रॅक्टिकलला बरे, पण त्यांचं गणित कच्चं." पोरगं राखीव जागेवरून आलेलं असेल तर याच वाक्याला आणखी एक शेपूट जोडलं जातं, ते इथे लिहायची गरज नाही, तुम्ही ते ऐकलेलं आहे. चिडायला हे वाक्य पुरेसं आहे. पण नुसतं चिडून तिसऱ्या सेमिस्टरचा एम-थ्रीचा पेपर सुटत नाही. म्हणून ते वाक्य आधी तपासून घेऊ.

बारावी सायन्समधून आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसतो तेव्हा त्याने अकरावी, बारावी आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष अशी सलग तीन वर्षं गणित केलेलं असतं. मध्ये सीईटीसाठी तेच गणित घासून घेतलेलं असतं. डिप्लोमाचा विद्यार्थी दहावीनंतर तंत्रनिकेतनात जातो. तिथे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या अभ्यासक्रमात पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्याला अप्लाइड मॅथेमॅटिक्स असतं. त्यानंतर बहुतेक शाखांत गणित हा विषयच राहत नाही. उरलेली चार सेमिस्टर म्हणजे दोन वर्षं वर्कशॉप, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट आणि ट्रेनिंग. या पोराने शेवटचं इंटिग्रेशन सोडवलं त्याला डिग्रीच्या पहिल्या दिवशी दोन वर्षांहून जास्त काळ लोटलेला असतो. आणि ज्या पहिल्या वर्षात बाकीच्यांनी एम-वन, एम-टू केलं, ते वर्ष याला नियमानेच माफ असतं.

एकाचं गणित तीन वर्षं सलग, दुसऱ्याचं एक वर्ष आणि मग दोन वर्षं बंद. यातून जो फरक पडतो त्याला 'मेरिट' म्हणायचं असेल तर बारावीवाल्याला वेल्डिंगचा जॉब हातात देऊन त्याचंही मेरिट काढावं. तो फरक अभ्यासक्रमाचा आहे, म्हणून तो मोजता येतो. आणि मोजता येतो म्हणून भरता येतो. या लेखाचं भांडण एवढंच आहे, की तो मोजायचं काम कोणीच करत नाही. कॉलेजं करत नाहीत, आणि स्पष्ट बोलायचं तर आपल्या संघटनाही करत नाहीत. आपण प्रवेश मिळवून देतो, फ्रीशिपसाठी समाजकल्याणच्या पायऱ्या झिजवतो, जात पडताळणीसाठी भांडतो, आणि पोरगं वर्गात बसलं की आपलं काम संपलं असं मानतो. ते बुडायला सुरुवात होते ती तिथूनच पुढे.

बुडतं कसं, ते एका उदाहरणावरून पाहू. हे उदाहरण मी मुद्दाम डिप्लोमाच्या प्रयोगशाळेतलंच घेतो. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनच्या पोरांनी हा प्रयोग हाताने केलेला असतो. दहा किलो-ओहमचा रेझिस्टर, शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दहा व्होल्टचा सप्लाय. स्विच चालू केला की कपॅसिटर चार्ज होतो. टाइम कॉन्स्टंट म्हणजे रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स, इथे बरोबर एक सेकंद. एका सेकंदाला मीटर साधारण 6.3 व्होल्ट दाखवतो, पाच सेकंदांत जवळपास दहाला टेकतो. डिप्लोमाच्या पोराला हे पाठ नसतं, त्याने ते पाहिलेलं असतं. "टाइम कॉन्स्टंटला 63 टक्के" हे त्याला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

डिग्रीच्या वर्गात हाच कपॅसिटर फळ्यावर येतो तेव्हा त्याचा चेहरा बदललेला असतो :

```
RC dv/dt + v = V
```

प्राध्यापक म्हणतात, "हे तुम्हाला माहीतच आहे", आणि पुढच्या ओळीवर जातात. वर्गातल्या बहुतेकांना माहीत असतं, कारण पहिल्या वर्षात ते झालेलं असतं. डिप्लोमावाला तिथेच थांबतो. ज्या वस्तूबद्दल त्याला वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहिती आहे, तीच वस्तू आता त्याला परकी वाटते. 'थिअरी कच्ची' म्हणतात ते हे. थिअरी म्हणजे काही वेगळं जग नाही. मीटरवर काटा जसा सरकतो ते एका ओळीत लिहिलेलं आहे, एवढंच. व्होल्टेज किती वेगाने बदलतंय ते dv/dt. आणि तो वेग, पूर्ण भरायला अजून किती बाकी आहे त्यावर ठरतो. म्हणून सुरुवातीला काटा झपाट्याने चढतो आणि नंतर रेंगाळतो. हे वाक्य एकदा मराठीत स्वच्छ बोललं की समीकरणाची अर्धी भीती जाते.

आता ते सोडवू. व्होल्टेजचं सगळं एका बाजूला, वेळेचं दुसऱ्या बाजूला :

```
dv/(V - v) = dt/(RC)
-ln(V - v) = t/(RC) + K
t = 0, v = 0  =>  K = -ln V
v = V(1 - e^(-t/RC))
```

चार ओळी आहेत. अडायच्या जागाही चारच. पहिली, दोन चल वेगळे करणं. हे डिप्लोमात झालेलं असतं, फक्त विसरलेलं. दुसरी, डाव्या बाजूच्या इंटिग्रेशनमध्ये येणारं उणे चिन्ह. तिसरी, K काढण्यासाठी सुरुवातीची स्थिती वापरणं. हे गणितापेक्षा प्रयोगाशी जोडलेलं आहे, स्विच दाबला त्या क्षणी कपॅसिटर रिकामा होता, बस. चौथी, लॉगमधून e कडे जाणं. आमच्या अभ्यासवर्गात सर्वांत जास्त पोरं अडतात ती चौथ्या जागी. म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणितात नाही, घातांक आणि लॉगरिदममध्ये. पोरगं स्वतः मात्र समजत असतं की आपल्याला 'डिफरन्शियल इक्वेशन' येत नाही, आणि एम-थ्रीचं जाडजूड पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून झुंजत बसतं. दुखतंय गुडघ्यात आणि मलम डोक्याला.

दुसऱ्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे डिप्लोमावाल्याची खरी ताकद दिसते. समजा ते उणे चिन्ह सुटलं. मग उत्तर येतं v = V(1 - e^(t/RC)). पानावर ते बरोबर उत्तराइतकंच देखणं दिसतं. बारावीहून आलेला अनेकदा त्याखाली दोन रेघा मारून पुढे जातो. पण त्यात t = 1 सेकंद घालून पाहा. e म्हणजे 2.718. एक वजा 2.718, गुणिले दहा, म्हणजे उणे 17 व्होल्टच्या आसपास. दहा व्होल्टच्या सप्लायवर लावलेला कपॅसिटर उलट दिशेने सतरा व्होल्टला कसा जाईल? ज्याने मीटरचा काटा पाहिलेला आहे त्याला हे उत्तर हसण्यासारखं वाटलं पाहिजे, आणि तिथून मागे येत त्याने उणे चिन्ह शोधलं पाहिजे. बरोबर उत्तरात t = 1 घाला, 6.32 येईल. प्रयोगवहीत तोच आकडा लिहिलेला सापडेल. डिप्लोमाच्या पोरांना मी सांगतो, प्रत्येक उत्तरात शेवटी एक आकडा घाला आणि वर्कशॉपच्या डोळ्याने बघा. हे हत्यार तुमच्याकडे आहे, बाकीच्यांनी ते अजून कमवायचं आहे.

याच कपॅसिटरवर पुढचं पाऊल म्हणजे लाप्लास ट्रान्सफॉर्म. तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला त्याचीच दहशत असते. टाइम कॉन्स्टंट एक सेकंद धरला तर :

```
s V(s) + V(s) = 10/s
V(s) = 10/(s(s + 1)) = 10/s - 10/(s + 1)
v(t) = 10 - 10 e^(-t)
```

उत्तर तेच आलं. लाप्लासने केलं काय, तर इंटिग्रेशनचं काम बेरीज-भागाकारावर आणून ठेवलं. यात लाप्लासची नवी गोष्ट एकच ओळ आहे, पहिली. मधली ओळ आहे पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका अपूर्णांकाचे दोन करणं. हे शुद्ध बीजगणित आहे. पोरं लाप्लासमध्ये नापास होतात असं आपण म्हणतो तेव्हा त्यातली बरीचशी खरं तर या मधल्या ओळीत नापास झालेली असतात.

दुसरी एक जागा सांगून थांबतो. एम-थ्रीमध्ये अनेक विद्यापीठांत दुसऱ्या क्रमाची रेषीय समीकरणं येतात. त्यांत m² + 4m + 13 = 0 असं वर्गसमीकरण सोडवायचं असतं. दहावीचं सूत्र लावलं की वर्गमुळाखाली उणे 36 येतं. दहावीने शिकवलेलं असतं की इथे 'वास्तव मुळं नाहीत', आणि पोरगं प्रश्न चुकला असं समजून खोडतं. बारावीवाल्याने काल्पनिक संख्या अकरावीत केलेल्या असतात, तो शांतपणे -2 ± 3i लिहितो आणि त्यावरून e^(-2x)(c1 cos 3x + c2 sin 3x) असं उत्तर मांडतो. अनेक डिप्लोमा शाखांत काल्पनिक संख्या आलेल्याच नसतात. तीन-चार तासांचा विषय आहे. त्या तीन-चार तासांअभावी पूर्ण युनिटचे गुण जातात.

मग एकूण दरी किती? आम्ही आमच्या पुरती मांडणी केली आहे. घातांक, लॉग आणि बीजगणिताची डागडुजी दहा तास. त्रिकोणमितीची सूत्रं पाच तास. डिफरन्शिएशन आठ तास. इंटिग्रेशन वीस तास, कारण सगळा कणा तोच आहे आणि त्यात सब्स्टिट्यूशन, बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन हे तीनही हाताला वळण लागेपर्यंत करावे लागतात. काल्पनिक संख्या चार तास. पहिल्या क्रमाची समीकरणं आठ. शेवटी पार्शल डिफरन्शिएशनची ओळख पाच तास. बेरीज साठ. आठवड्याला दहा तास दिले तर सहा आठवडे. मॅट्रिक्सचा रँक, आयगन व्हॅल्यू, मल्टिपल इंटिग्रल हे पहिल्या वर्षातलं बाकीचं सामान गरज पडेल तेव्हा उचललं तरी चालतं. सगळं एम-वन, एम-टू एकदम भरून काढायच्या नादाला लागू नका, त्यात सेमिस्टर जाईल. कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र इंटिग्रेशनमधले आठ-दहा तास काढून सेट, तर्कशास्त्र आणि गणिती इंडक्शनला द्यावेत. त्यांना तिसऱ्या सेमिस्टरला डिस्क्रीट मॅथ्स आडवं येतं, आणि तिथे कोडिंग कितीही चांगलं असलं तरी सिद्धता लिहावीच लागते.

यासाठी महागडे क्लास लागत नाहीत. अकरावी-बारावीची गणिताची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, मराठी माध्यमाचीही. आधी ती, मग ग्रेवाल किंवा दास यांची इंजिनिअरिंग मॅथ्सची पुस्तकं. क्रम उलटा केला तर पुस्तक उशाला राहतं.

आणखी एक सवय मोडावी लागते आणि ती आपल्यातल्या हुशार पोरांनाही नडते. डिप्लोमाच्या परीक्षेनंतर मंडळ मॉडेल अ‍ॅन्सर प्रसिद्ध करतं. तीन वर्षं पोरं ती वाचून पास होतात. कुठल्या प्रश्नाला किती मुद्दे, कुठे आकृती, सगळं आखीव. डिग्रीला असा आधार धरून चालता येत नाही, आणि प्रश्न 'सूत्र लिहा' वरून 'सूत्र सिद्ध करा' वर जातो. मेकॅनिकल-सिव्हिलच्या पोराने M/I = f/y = E/R हे सूत्र वापरून डिप्लोमात पन्नास बीम सोडवलेले असतात. डिग्रीला ते सूत्र कुठून आलं आणि ते कधी लागू पडत नाही हे विचारतात. उपाय कंटाळवाणा आहे : उत्तर वाचायचं नाही, पान झाकून लिहायचं, आणि जिथे पेन थांबलं त्या ओळीवर तारीख टाकायची. चार आठवड्यांनी त्या तारखा बघितल्या की आपली दरी नेमकी कुठे आहे त्याचा नकाशा तयार असतो.

आता कॉलेजांकडे वळू. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा कुणाची मेहेरबानी नाहीत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनी त्या दिलेल्या आहेत, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही याच पोरांनी भरल्या जातात. अनेक खासगी कॉलेजांची दुसऱ्या वर्षाची बाकं या पोरांच्या फीवर आणि त्यांच्या नावाने येणाऱ्या शिष्यवृत्तीवर भरलेली असतात. याच परिषदेच्या मंजुरी पुस्तिकेत असंही म्हटलं आहे, की वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स द्यावेत. तुमच्या कॉलेजात तो झाला का? झाला असेल तर किती तासांचा? की एका शनिवारी सेमिनार हॉलमध्ये ओळखपरेड करून फोटो काढला आणि अहवालात 'ब्रिज कोर्स संपन्न' लिहिलं?

वर वेळापत्रकाची गंमत. प्रवेशाच्या फेऱ्या इतक्या लांबतात की तिसरं सेमिस्टर सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर पोरगं वर्गात पोचतं. तोवर एक-दोन युनिट उरकलेली असतात, पहिली चाचणी तोंडावर असते. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्याचा सीजीपीए सहसा सहाच सेमिस्टरवर निघतो, पहिल्या वर्षाची उशी त्याला नसते. म्हणजे ज्या सेमिस्टरला तो सगळ्यात दुबळा आहे, तेच त्याच्या निकालाचा सहावा हिस्सा ठरवतं. कॅम्पसला आलेली कंपनी सीजीपीएची अट लावते तेव्हा त्या सहाव्या हिश्शामागचं कारण कुणी विचारत नाही.

शेजारच्या कर्नाटकात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाने डिप्लोमातून येणाऱ्यांसाठी तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला गणिताचे जादा विषयच नेमले. दरी आहे हे निदान कागदावर मान्य केलं, आणि ते सगळ्या डिप्लोमावाल्यांसाठी केलं, जात न विचारता. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे काही ठिकाणी 'मागासवर्गीयांसाठी उपचारात्मक वर्ग' भरतात. नावातच रोगी ठरवलं. पोरं त्या वर्गाला जायला लाजतात, आणि बरोबर लाजतात. गणिताची ही दरी जातीतून आलेली नाही, अभ्यासक्रमातून आली आहे. पाटलाच्या डिप्लोमावाल्या पोरालाही तीच आहे. फरक इतकाच की त्याला खासगी क्लास परवडण्याची शक्यता जास्त. म्हणून मागणी 'डिप्लोमातून आलेल्या सर्वांसाठी' अशीच हवी, आणि पोरांचं नाव यादीत जातीच्या रकान्यासकट लावता कामा नये. कर्नाटकाची नक्कलही जशीच्या तशी नको. तिथे तो विषय चालू सेमिस्टरच्या ओझ्यावर आणखी एक ओझं म्हणून येतो. आपल्याला तो सेमिस्टरच्या आधी हवा.

आणि आधी वेळ आहे. डिप्लोमाचा शेवटचा पेपर उन्हाळ्यात संपतो. तिथून डिग्रीच्या वर्गात बसेपर्यंत दोन-तीन महिने पोरगं निकाल, कॅपची यादी आणि कागदपत्रं यांत फिरत असतं. साठ तास तिथेच आहेत. बाबासाहेबांनी 1942 साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांसाठी उच्च आणि तांत्रिक शिक्षणाच्या मदतीची मागणी केली, तेव्हा त्यांना नुसत्या हजेरीपटावरची नावं नको होती. प्रत्येक तालुक्यात आपलं एखादं विहार, एखादी अभ्यासिका आहे. मे-जूनमध्ये तिथे एक फळा आणि एक आपलाच तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विद्यार्थी उभा करता येतो. तो मूळचा डिप्लोमाचा असेल तर उत्तम, कारण आपण कुठल्या ओळीवर अडलो होतो ते त्याला आठवत असतं.

विद्यार्थी संघटनांनी यंदा सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकावा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. खासगी कॉलेजाची माहिती ते संलग्न असलेल्या विद्यापीठाकडून किंवा तंत्रशिक्षण संचालनालयाकडून मागता येते. विचारायचं एवढंच : मागील तीन वर्षांत थेट दुसऱ्या वर्षाला किती विद्यार्थी आले, त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स कोणत्या तारखांना, किती तास झाला, शिकवलं कुणी, आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या गणितात त्यांतले किती पास झाले. हजेरीपटाची प्रतही मागा. बहुतेक ठिकाणी उत्तरातला तारखांचा रकाना रिकामा येईल. तो कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायचं आहे, पोरांची चाचणी लागायच्या आत.